जीवनपथ अंक आणि मास्टर अंक: ११, २२, ३३ नेमके कधी धरायचे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जीवनपथ अंक म्हणजे भाग्यांकच ना?

हो. आपल्याकडे अंकशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ज्याला भाग्यांक म्हणतात तोच हा अंक. जन्माचा दिवस, महिना आणि साल या तिन्हींच्या बेरजेतून तो निघतो. मूलांक वेगळा. मूलांकासाठी फक्त दिवस घेतात, म्हणून १९ तारखेला जन्मलेल्याचा मूलांक १ (१+९=१०, १+०=१), मग महिना आणि साल कुठलंही असो. "माझा नंबर ४" असं कोणी म्हणालं की यातला कुठला, हे आधी विचारून घ्यावं. निम्मे गोंधळ तिथेच मिटतात.

मोजायचा कसा? एखादी तारीख पूर्ण करून दाखवा.

गोव्यात सगळ्यांना पाठ असलेली तारीख घेऊ: ३० मे १९८७, गोवा घटक राज्य झालं तो दिवस. राज्याला जीवनपथ असतो असा दावा नाही. तारीख ओळखीची आहे, आणि पुढे दिसेल तसा या विषयातला सगळ्यात मोठा वाद तिच्यात एका जागी सापडतो, म्हणून ती निवडली.

कागदावर तीन ओळी मांडा. दिवस ३०, म्हणजे ३+०=३. महिना मे, म्हणजे ५. साल १९८७, म्हणजे १+९+८+७=२५, आणि २+५=७. आता तिन्ही उत्तरांची बेरीज करा: ३+५+७=१५. १+५=६. जीवनपथ अंक ६.

तारखेचे तीन गट आधी वेगवेगळे एक आकडी करायचे आणि मग बेरीज करायची, म्हणून पुढे हिला आपण गटरीत म्हणू.

आमच्या ओळखीच्या एकाने याच तारखेचं उत्तर ३३ काढलं. मग चूक कोणाची?

कोणाचीच नाही. त्यांनी सगळे आकडे एका ओळीत मांडून सलग बेरीज केली असणार: ३+०+५+१+९+८+७=३३. आणि ३३ हा मास्टर अंक मानला जातो, म्हणून ते तिथेच थांबले. पुढे गेले असते तर ३+३=६, म्हणजे तुमचंच उत्तर मिळालं असतं.

तिसरीही एक रीत चालते. तीत दिवस, महिना, साल हे अख्खे आकडे म्हणून मिळवतात: ३०+५+१९८७=२०२२. मग २+०+२+२=६. इथे ३३ दिसतसुद्धा नाही.

म्हणजे एकच तारीख तीन रीतींनी मोजली तर एका रीतीत १५/६, दुसरीत ३३/६ आणि तिसरीत थेट ६ येतो. शेवटचा एक आकडी अंक तिन्हीकडे ६ च आहे. फरक आहे तो वाटेतल्या बेरजेत, आणि मास्टर अंक या वाटेतल्या बेरजेवरच ठरतो. दोन वेबसाइटी किंवा दोन ॲप वेगळी उत्तरं देतात तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असतं. प्रत्येकाने आपली रीत आत बसवलेली असते आणि ती स्क्रीनवर सांगितलेली नसते.

शेवटचा अंक सगळीकडे सारखाच कसा येतो?

कुठल्याही आकड्याला ९ ने भागल्यावर जी बाकी उरते, तीच त्याच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागल्यावर उरते. १९८७ ला ९ ने भागा, बाकी ७. १+९+८+७=२५ ला भागा, बाकी ७. आधी गट करा, सलग मिळवा किंवा अख्खे आकडे मिळवा, ही बाकी हलत नाही. बाकी शून्य आली तर अंक ९.

यातून एक हुकमी तपासणी मिळते. एकच तारीख दोन रीतींनी मोजा आणि शेवटच्या एक आकडी अंकापर्यंत जा. दोन्ही अंक जुळले नाहीत तर बेरजेत चूक आहे, शास्त्राला दोष देण्याआधी कागद पुन्हा बघा. संगणकावर तक्ता करत असाल आणि A1 या घरात जन्मतारीख असेल, तर हे सूत्र शेवटचा अंक थेट देतं:

```
=1+MOD(DAY(A1)+MONTH(A1)+YEAR(A1)-1,9)
```

मात्र हे सूत्र वाटेतली बेरीज पुसून टाकतं. ११, २२, ३३ त्यात कधीच दिसणार नाहीत. ते फक्त पडताळ्यासाठी वापरा.

मास्टर अंक कुठले, आणि त्यांना वेगळी वागणूक म्हणजे काय?

११, २२ आणि ३३. एरवी दोन आकडी बेरीज आली की ती पुन्हा मिळवून एक आकडी करतात. या तीन बेरजा आल्या तर ती शेवटची पायरी करत नाहीत, अंक तसाच ठेवतात. लिहिताना ११/२, २२/४, ३३/६ असं लिहितात, म्हणजे मास्टर अंक आणि त्याच्या पोटातला मूळ अंक दोन्ही दिसतात. परंपरेत ११ ला अंतःप्रेरणेचा, २२ ला मोठी कामं उभारणाऱ्याचा आणि ३३ ला शिकवणाऱ्या, सांभाळणाऱ्या माणसाचा अंक म्हणतात. ३३ सगळेच मान्य करत नाहीत. काही अभ्यासक ११ आणि २२ वरच थांबतात.

१० हा मास्टर अंक नाही, त्याचा १ होतो. ४४ काही जण धरतात, पण रूढ पद्धत तीनच अंकांची आहे.

इथे वेळ वाचवणारी एक गोष्ट आहे. ११ च्या पोटात २ आहे, २२ च्या पोटात ४, ३३ च्या पोटात ६. म्हणून तुमचा शेवटचा अंक १, ३, ५, ७, ८ किंवा ९ असेल तर मास्टर अंकाचा प्रश्नच उद्भवत नाही, कुठल्याही रीतीने मोजा. गोवा मुक्तिदिनाची तारीख पाहा, १९ डिसेंबर १९६१. गटरीतीने १+३+८=१२, म्हणजे ३. सलग मिळवलं तर ३०, म्हणजे ३. अख्खे आकडे मिळवले तर १९९२, त्याचे २१, म्हणजे ३. वादाला जागाच नाही. पुढचं सगळं वाचायची गरज फक्त २, ४ आणि ६ वाल्यांना.

गटरीतीत वाटेत ११ किंवा २२ आला तर? म्हणजे जन्म ११ तारखेचा असेल तर तिथेच ११ ठेवायचा की २ करायचा?

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून जरा सावकाश.

गटांमध्ये मास्टर अंक येण्याच्या जागा मोजक्याच आहेत. दिवसांत ११, २२ आणि २९ (२+९=११). महिन्यांत फक्त नोव्हेंबर. सालांत १९३९, १९४८, १९५७, १९६६, १९७५, १९८४ आणि १९९३ यांची बेरीज २२ येते, आणि १९०१, १९१०, २००९, २०१८ यांची ११. यातलं काहीही तुमच्या तारखेत नसेल तर हा प्रश्न तुमच्यापुरता संपला.

असेल तर दोन मतं आहेत. एक मत म्हणतं, गटातला ११ किंवा २२ तसाच ठेवून पुढची बेरीज करा. दुसरं म्हणतं, गट नेहमी एक आकडी करा आणि मास्टर अंक फक्त शेवटच्या बेरजेत शोधा. ११ एप्रिल १९८७ ही तारीख घ्या. ११ तसाच ठेवला तर ११+४+७=२२, म्हणजे २२/४. ११ चे २ केले तर २+४+७=१३, म्हणजे १३/४. एकाच माणसाला एक जण "मास्टर बिल्डर" म्हणेल आणि दुसरा कर्मऋणाचा अंक सांगेल, कारण १३ ही बेरीज बरेच जण कर्मऋणाची मानतात. हे ऐकून माणूस भांबावतो, आणि सांगणाऱ्याने कुठली रीत घेतली ते त्याला कळलेलंच नसतं.

आमची पसंती पहिल्या मताला आहे. मास्टर अंक मोडायचा नाही असा नियम मान्य केला, तर तो शेवटच्या ओळीत पाळायचा आणि मधल्या ओळीत मोडायचा, हे सुसंगत वाटत नाही. मात्र नियम एकदा धरला की प्रत्येक तारखेला तोच लावायचा. आवडता अंक हाती यावा म्हणून मध्येच रीत बदलली की मोजण्याला काही अर्थ उरत नाही.

तिन्ही रीतींपैकी मग खरी कुठली?

आम्ही गटरीत वापरतो. जन्मतारीख म्हणजे आठ सुटे आकडे नसून दिवस, महिना आणि साल हे तीन घटक आहेत, आणि पाश्चात्त्य पद्धतीच्या अंकशास्त्रात या तिघांना स्वतंत्र अर्थही देतात. ते अर्थ बघायचे तर गट वेगळे करावेच लागतात.

पण रीत निवडल्याने किती फरक पडतो ते दोन तारखांत बघण्यासारखं आहे. लता मंगेशकरांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ चा. गटरीतीने २८ चा १, सप्टेंबरचे ९, १९२९ चे २१ आणि त्याचे ३, म्हणजे १३/४. सलग बेरीज ४०, म्हणजे ४. अख्खे आकडे मिळवले तर २८+९+१९२९=१९६६, आणि १+९+६+६=२२. तिसऱ्या रीतीत २२/४, बाकी दोन्हींत साधा ४.

आशा भोसले यांचा जन्म ८ सप्टेंबर १९३३ चा. गटरीतीने ८+९+७=२४, म्हणजे ६. अख्खे आकडे मिळवले तर १९५०, त्याचे १५, म्हणजे ६. सलग बेरीज मात्र ८+९+१+९+३+३=३३.

मंगेशीशी नाळ जोडलेल्या या दोन बहिणी. एकीला मास्टर अंक एका रीतीत मिळतो, दुसरीला वेगळ्याच रीतीत, आणि गटरीतीत दोघींनाही मिळत नाही. त्यांचं गाणं जे आहे ते आहेच. म्हणून "मोठ्या माणसांचे अंक मास्टर असतात" अशा याद्या वाचताना प्रत्येक नावाला एकच रीत लावली आहे का, ते आधी तपासावं.

माझा मास्टर अंक पक्का आहे की नाही, कसं ओळखू?

तिन्ही रीतींनी मोजा. २० ऑगस्ट १९९० घ्या. गटरीत: २+८+१=११. सलग: २+०+८+१+९+९+०=२९, म्हणजे ११. अख्खे आकडे: २०+८+१९९०=२०१८, म्हणजे ११. तिन्हीकडे ११/२. कुठल्याही मताचा माणूस हा अंक नाकारणार नाही.

एकाच रीतीत मास्टर अंक येत असेल तर तो रीतीवर अवलंबून आहे, एवढं स्वतःला स्पष्ट सांगा आणि मूळ अंक, म्हणजे २, ४ किंवा ६, मुख्य धरा. "मला ३३ आहे" म्हणण्यापेक्षा "सलग बेरजेत ३३, गटरीतीत १५, मूळ अंक ६" असं टिपून ठेवणं जास्त उपयोगाचं.

बेरीज आधी २९ किंवा ३८ आली आणि मग ११ झाली, तर तो ११ धरायचा?

धरायचा. २९, ३८ आणि ४७ या तिन्हींचा ११ होतो आणि बहुतेक जण तो मास्टर मानतात. २९/११/२ असं लिहिलं की वाट दिसते. २२ आणि ३३ मात्र सलग रीतीत असे दुसऱ्या पायरीवर येऊच शकत नाहीत, कारण तारखेतल्या सगळ्या आकड्यांची बेरीज ४८ च्या वर जात नाही. ते आले तर पहिल्याच बेरजेत येतात.

साल ८७ असं दोनच आकडी घेतलं तर चालेल?

नाही. १९ सोडून दिले की १+९=१०, म्हणजे १ कमी पडतो आणि उत्तर एका घराने घसरतं. ३०-५-८७ मोजली तर ३+५+१५=२३, म्हणजे ५ येतो, जो चूक आहे. २००० नंतरच्या सालात २० सोडले तर दोनाचा फरक पडतो.

महिना आधी की दिवस आधी? परदेशातल्या भाच्याच्या कागदांवर उलटं असतं.

जीवनपथ अंकाला काही फरक पडत नाही. ५ जून आणि ६ मे दोन्हींत बेरीज ५+६ च. गटातला ११ ठेवण्याच्या नियमातही तो ११ तारखेचा असो वा नोव्हेंबरचा, सारखाच. मूलांक मात्र पार बदलतो, कारण तो फक्त दिवसावरून निघतो.

तिथीने वाढदिवस करतो. तिथीची तारीख घ्यायची का?

नाही. हा हिशेब इंग्रजी तारखेचा आहे. जन्म जर मध्यरात्रीनंतर आणि सूर्योदयाआधी झाला असेल तर विशेष जपा. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून सोमवारी रात्री उलटून दोन वाजता जन्मलेल्या बाळाचा वार घरात सोमवारच धरतात. इंग्रजी तारीख मात्र बारा वाजताच मंगळवारची झालेली असते. आजी सांगते तो वार आणि दाखल्यावरची तारीख यांचा मेळ बसत नसेल तर आधी हे कारण तपासा. अशा वेळी दाखल्यावरची तारीख घ्यायची.

आजोबांचा दाखला पोर्तुगीज काळातला आहे. तो वाचताना काय बघायचं?

तीन गोष्टी. पहिली, जुन्या नोंदींत तारीख बऱ्याचदा आकड्यांत नसून शब्दांत लिहिलेली असते, सालसुद्धा. दुसरी, पोर्तुगीजमध्ये जूनला जुन्यु आणि जुलैला जुल्यु म्हणतात. झरझर लिहिलेल्या हस्ताक्षरात मधलं एकच अक्षर वेगळं असतं आणि ते सहज चुकतं. जून म्हणजे ६, जुलै म्हणजे ७, म्हणजे अंक एका घराने सरकतो. शंका आली तर त्याच पानावरच्या दुसऱ्या नोंदीतलं अक्षर शेजारी ठेवून ताडून पाहा. तिसरी, उताऱ्यावर सुरुवातीला येणारी तारीख नोंद केल्याची असू शकते, आणि चर्चच्या दाखल्यात बाप्तिस्म्याची. जन्माची तारीख मजकुरात पुढे असते.

त्या पिढीत शाळेत नाव घालताना अंदाजे तारीख लिहून टाकण्याचीही पद्धत होती. शाळेचा दाखला आणि जन्मनोंद वेगवेगळं सांगत असतील तर जन्मनोंदीवर विश्वास ठेवा. दोन्ही नसेल आणि तारीख केवळ अंदाजाची असेल, तर जीवनपथ अंक काढू नये. एका दिवसाच्या फरकाने अंक बदलतो, त्यामुळे अंदाजाच्या तारखेवरून निघालेला अंकही अंदाजच असतो.

या अंकावरून लग्न, नोकरी, मुलाची शाखा ठरवावी का?

नाही. वर दाखवलेलं गणित पक्कं आहे, कोणीही करून बघावं. त्या अंकांना जोडलेले स्वभाव आणि योग परंपरेने दिलेले आहेत, ते शास्त्रीय प्रयोगांनी सिद्ध झालेले नाहीत. मास्टर अंकाला घाबरवण्यासाठी किंवा पैसे घेऊन "शांती" करण्यासाठी कोणी वापरत असेल, तर त्याने कुठल्या रीतीने मोजलं ते विचारा. दुसऱ्या रीतीत तोच अंक साधा निघण्याची बरीच शक्यता असते.

आत्ताच्या मुलांना ३३ किंवा २२ फारसा दिसत नाही, असं का?

सालाची बेरीज लहान झाली म्हणून. १९९० च्या दशकातल्या सालांची बेरीज १९ ते २८ यायची. २००० ची फक्त २ आहे, २०२५ ची ९. सलग रीतीने १ जानेवारी २००० नंतर जन्मलेल्या कोणालाही अजून ३३ आलेला नाही. दिवसातून जास्तीत जास्त ११ (२९ तारीख), महिन्यातून जास्तीत जास्त ९, म्हणजे सालातून किमान १३ हवेत. तसं पहिलं साल २०२९ आहे. त्यामुळे या शतकातला सलग रीतीचा पहिला ३३ येईल तो २९ सप्टेंबर २०२९ ला.

अख्खे आकडे मिळवायच्या रीतीत ३३ कधीच येत नाही, कारण १९०० आणि २००० च्या शतकांत बेरजेच्या आकड्यांतून जास्तीत जास्त २८ च निघतात, तेही १९९९ मधून. त्या रीतीत २२ चा शेवटचा जन्मदिवस १ जानेवारी १९९१ होता (१+१+१९९१=१९९३). त्यानंतर या शतकात तो पुन्हा येणार नाही.

गटरीतीत मात्र दोन्ही येत राहतात, कारण तिथे २२ तारीख अख्खी ठेवता येते. २२ सप्टेंबर २००० घ्या: २२+९+२=३३. सलग मोजली तर हीच तारीख १५ देते.